सोयाबीन बियाणे: बॅगेच्या किमतीऐवजी उगवलेल्या रोपाचा भाव कसा काढायचा?

औसा_कोरडवाहू

नमस्कार मंडळी. तीन एकर मध्यम काळी जमीन, कोरडवाहू, औसा तालुका. यंदाच्या सोयाबीनसाठी तीन पर्याय समोर आहेत.

अ) जेएस ३३५, प्रमाणित, निळी चिठ्ठी. ३० किलोची बॅग २,५५० रुपये, म्हणजे ८५ रुपये किलो.
ब) फुले संगम (केडीएस ७२६), खासगी कंपनीचं, हिरव्या लेबलचं. २५ किलोची बॅग ३,२५० रुपये, म्हणजे १३० रुपये किलो.
क) शेजारच्या गावातलं घरचं बियाणं, जेएस ३३५ च म्हणतात. चाळलेलं, ६५ रुपये किलो.

अ आणि ब ची एकेक बॅग घेऊन ठेवली आहे, उरलेल्या क्षेत्रासाठी काय घ्यायचं ते ठरवायचं आहे. अ आणि ब दोन्ही लेबलांवर उगवण किमान ७० टक्के आणि शुद्धता ९८ टक्के असंच छापलंय. मग दीडपट पैसे कशाचे? आणि क एवढं स्वस्त असेल तर दोन पायल्या जास्त टाकून पेरलं तर काय बिघडतं?

उदगीर_कृषीकेंद्र

दादा, एवढा विचार कशाला? एक एकराला एक बॅग, हा साधा हिशेब. कंपनी बॅग भरते तीच मुळी एकराच्या हिशेबाने. ३,२५० ची बॅग म्हणजे एकरी ३,२५० आणि २,५५० ची म्हणजे एकरी २,५५०. फरक ७०० रुपयांचा. ७०० रुपयांसाठी जुन्या वाणाला कोण चिकटून बसतं?

तिफण

बॅग एकराची असते हे पूर्वी बऱ्यापैकी खरं होतं, कारण शिफारस एकरी ३० किलो आणि बॅगही ३० किलोची. आता २५, २६, २२, २० अशा सगळ्या वजनाच्या बॅगा आल्यात. शेतकरी मात्र अजून "एकराला बॅग" म्हणूनच पेरतो, त्यामुळे रोपं कमी बसतात आणि दोष पावसाला लागतो.

माझी पद्धत सोपी आहे. ७० टक्के उगवणीला ३० किलो धरायचं, आणि ७० च्या खाली दर एका टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं. म्हणजे ६३ टक्के निघालं तर साडेतेहतीस किलो. भावाचंही तसंच, एका बियाण्याची उगवण दुसऱ्यापेक्षा १० टक्क्यांनी जास्त असेल तर त्याला किलोमागे १० टक्के जास्त भाव द्यायला हरकत नाही.

प्रज्ञा_बीज

तिफणदादा, तुमचा अर्ध्या किलोचा नियम कृषी विभागही सांगतो आणि ६० ते ७० च्या दरम्यान तो ठीक चालतो. भावाचं गणित मात्र वजाबाकीचं नाही, भागाकाराचं आहे. ७४ आणि ८४ मध्ये १० अंकांचं अंतर आहे, पण दर किलोमागे उगवणारे दाणे साडेतेरा टक्क्यांनी जास्त मिळतात. उगवण जितकी खाली, तितका हा घोळ मोठा होतो.

औसेकर दादा, लेबलवरच्या ७० वर काहीच मोजू नका. ती किमान मर्यादा आहे. ७१ टक्के उगवणारा लॉट आणि ८८ टक्के उगवणारा लॉट, दोन्हींवर "किमान ७०" असंच छापतात. प्रमाणित सोयाबीनचं किमान मानक उगवण ७०, भौतिक शुद्धता ९८ आणि ओलावा जास्तीत जास्त १२ टक्के असं आहे, म्हणून सगळी लेबलं सारखी दिसतात. हिरव्या लेबलात तर हे आकडे विक्रेत्या कंपनीने स्वतः जाहीर केलेले असतात, प्रमाणीकरण यंत्रणेने शेतात जाऊन पाहणी केलेली नसते. त्यामुळे ते वाईट ठरत नाही, फक्त तपासायचं काम तुमच्यावर येतं.

तिन्हींची उगवण घरी काढा आणि आकडे इथे टाका. पण शंभर दाण्यांची एकच पुरचुंडी करून भागणार नाही. खरी उगवण ७५ असलेल्या बियाण्याच्या शंभर दाण्यांत निव्वळ योगायोगाने ६७ ही येऊ शकतात आणि ८३ ही. एवढ्या फरकात तुमची अख्खी तुलना वाहून जाईल. शंभर-शंभराचे चार संच घ्या आणि सरासरी काढा.

नमुना बॅगेच्या तोंडातून एक मूठ असा घेऊ नका. वरून, मधून, तळातून थोडं थोडं काढून एकत्र करा. त्यातून काडीकचरा आणि तुटलेले दाणे वेगळे काढून ठेवा, त्यांचं वजन नंतर लागणार आहे. उरलेल्यातून डोळे मिटून दाणे मोजा. चांगले टपोरे निवडले तर परीक्षा बियाण्याची न होता तुमच्या निवडीची होते. स्वच्छ गोणपाटाचा तुकडा भिजवून घट्ट पिळायचा, त्यावर दहा ओळींत दहा-दहा दाणे ठेवायचे, वर दुसरा तुकडा घालून सैलसर गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. मे महिन्यात लातूरकडे पत्र्याखाली ठेवाल तर बियाणं उकडून मरेल. माठाजवळची जागा बरी. गोणपाट ओलसर हवं, पाणी निथळता कामा नये. सोयाबीन पाण्यात बुडालं की दाणा वेगाने पाणी पिऊन फुटतो आणि कुजतो, मग माणूस म्हणतो बियाणं बोगस.

पाचव्या दिवशी एकदा आणि आठव्या दिवशी शेवटचं मोजा. मोड आला म्हणजे उगवलं असं नाही. मूळ सरळ आणि धड, कोंब धड, दोन्ही दलं शाबूत, असंच रोप मोजायचं. बुटकं, मूळ तुटलेलं, दल अर्धं गळालेलं ते बाद. घरच्या चाचणीचे आकडे फुगतात ते बहुतेक इथेच.

यवतमाळ_कापूस

कपाशीचंही असंच करायचं का? आमच्याकडे एका दुकानात बीटीचं पाकीट महाग आणि दुसरीकडे स्वस्त देतात. कोणतं वाण घ्यावं, सांगा.

तिफण

भाऊ, कपाशीचा प्रश्न वेगळा आहे. बीजी-२ च्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवतं, २०२५-२६ ला ती ९०१ रुपये होती. त्याच्या वर कोणी मागत असेल तर ती जादा दराची विक्री, सरळ तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करा. शिवाय ते संकरित आहे, पुढच्या वर्षी घरचं धरता येत नाही. इथलं गणित तसंच्या तसं लागू होणार नाही. वाणासाठी नवीन धागा काढा.

औसा_कोरडवाहू

ताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. चार संचांचे आकडे:

अ: ७६, ७१, ७५, ७४. सरासरी ७४.
ब: ८५, ८२, ८६, ८३. सरासरी ८४.
क: ६६, ५८, ६७, ६१. सरासरी ६३.

अर्धा-अर्धा किलो निवडून पाहिलं. अ आणि ब मध्ये ५०० ग्रॅमला ९-१० ग्रॅम कचरा आणि तुकडे निघाले, म्हणजे शुद्धता ९८ च. क मध्ये ३५ ग्रॅम, म्हणजे ९३. त्यात जास्त करून दाण्याच्या डाळी, थोडी माती, आणि दोन-तीन काळे बारीक बी, कसलं ते ओळखलं नाही.

प्रज्ञा_बीज

छान, व्यवस्थित केलंत. चार संच एकमेकांच्या जवळ आलेत, त्यामुळे आकड्यांवर भरवसा ठेवता येईल.

पहिली पायरी अशी. किलोचा भाव घ्या, त्याला शुद्धतेने आणि उगवणीने भागा. अ मध्ये ०.९८ गुणिले ०.७४ म्हणजे ०.७२५, ८५ ला त्याने भागलं की ११७ रुपये. ब मध्ये ०.९८ गुणिले ०.८४ म्हणजे ०.८२३, तिथे १५८ रुपये. क मध्ये ०.९३ गुणिले ०.६३ म्हणजे ०.५८६, तिथे १११ रुपये. शुद्ध आणि जिवंत बियाण्याचा एक किलो तुम्हाला या भावात पडतो.

पिशवीवर क आणि अ मध्ये वीस रुपयांचं अंतर दिसत होतं, ते सहा रुपयांवर आलं. पण इथे थांबलात तर क अजूनही स्वस्त वाटेल, आणि तोच धोका आहे.

उदगीर_कृषीकेंद्र

तेच म्हणतो, मग क घ्यावं की. तुमच्याच हिशेबाने स्वस्त आहे.

प्रज्ञा_बीज

अहो, ओल्या गोणपाटात ६३ उगवलं म्हणजे शेतात ६३ उगवेल असं नाही. गोणपाटात दाण्यावर माती नसते, वरची खपली फोडायची नसते, ओल एकसारखी असते. ८४ टक्क्यांच्या बियाण्यातला जिवंत दाणा सहसा जोमदार असतो. ६३ वाल्यात जे जिवंत आहेत त्यांतलेही बरेच कसेबसे जिवंत असतात. पेरणीनंतर मोठी सर येऊन जमीन बसली की हेच आधी मातीत राहतात. तिफणदादांचा अर्ध्या किलोचा नियम इथेच लंगडा पडतो, कारण तो फक्त मेलेले दाणे भरून काढतो, अशक्त दाणे भरून काढत नाही. म्हणूनच ६० च्या खाली बियाणं वापरूच नका असं सांगतात.

अंदाजाने बोलायची गरज नाही, हेही मोजता येतं. फळांच्या रिकाम्या क्रेटमध्ये तळाला कागद टाकून तुमच्या शेतातली माती भरा. प्रत्येकी शंभर दाणे चार सेंटिमीटर खोल लावा, एकदाच झारीने चांगलं पाणी द्या आणि सावलीत ठेवा. आठ-नऊ दिवसांनी मातीवर आलेली रोपं मोजा. त्या आकड्याला गोणपाटाच्या आकड्याने भागलं की शेतातली गळ कळते.

तिफण

अर्ध्या किलोचा नियम अशक्त दाण्यांना पुरत नाही हे पटलं. अजून एक जलद चाचणी सांगतो. शंभर दाणे पाण्यात टाकून पाच मिनिटांनी बघायचं. ज्यांची साल तडकलेली आहे ते लगेच फुगून सुरकुततात. असे दाणे पुष्कळ निघाले तर मळणी यंत्राचे फेरे जास्त होते किंवा पोती आपटली आहेत असं समजायचं. सोयाबीनची साल फार पातळ, मूळ निघण्याची जागा सालीला अगदी लागून असते. क मध्ये डाळी एवढ्या निघाल्यात म्हणजे मळणीचाच मार दिसतोय. चाळणीने डाळी काढता येतात हो, पण ज्या धक्क्याने शेजारच्या दाण्याची डाळ झाली तोच धक्का अख्ख्या दिसणाऱ्या दाण्यालाही बसलेला असतो.

औसा_कोरडवाहू

क्रेट लावून पाहिले. अ: ६३. ब: ७१. क: ४४. पाण्यातल्या चाचणीत क चे लगेच फुगलेले दाणे अ च्या दुपटीहून जास्त.

प्रज्ञा_बीज

म्हणजे अ आणि ब मध्ये गोणपाटातले साधारण ८५ टक्के मातीवर आले आणि क मध्ये फक्त ७० टक्के. आता एकरी खर्च काढू. त्यासाठी दाण्याचं वजन लागेल. प्रत्येकाचे शंभर दाणे सोनाराच्या किंवा छोट्या डिजिटल काट्यावर तोला. किलोने विकत घेतो आणि दाण्याने पेरतो, म्हणून हा आकडा लागतोच.

औसा_कोरडवाहू

शंभर दाणे: अ १२ ग्रॅम, ब १४ ग्रॅम, क १२ ग्रॅम.

प्रज्ञा_बीज

आता बघा काय होतं.

४५ बाय ५ सेंटिमीटरला एकरी जवळपास १ लाख ७८ हजार जागा होतात. जुनी ३० किलोची शिफारस याच हिशेबात बसते, १२ ग्रॅमचा दाणा असेल तर ३० किलोत अडीच लाख दाणे, त्यांचे ७० टक्के म्हणजे पावणेदोन लाख. सोयाबीन फांद्या करून मोकळी जागा भरून काढतं, त्यामुळे प्रत्यक्ष उभी रोपं दीड लाख असली तरी कोरडवाहूला पुरेत. तोच आकडा धरू.

अ साठी दीड लाखाला ०.६३ ने भागायचं, म्हणजे २ लाख ३८ हजार दाणे, १२ ग्रॅमने साडेअठ्ठावीस किलो, कचरा धरून २९.२ किलो. ८५ रुपयांनी २,४८० रुपये.

ब साठी ०.७१ ने भागलं की २ लाख ११ हजार दाणे. दाणे कमी लागले, पण दाणा जड. वजन येतं साडेएकोणतीस, कचरा धरून ३० किलो. म्हणजे ३,९०० रुपये. चांगल्या उगवणीचा फायदा टपोऱ्या दाण्याने खाऊन टाकला. आणि बॅग आहे २५ किलोची!

क साठी ०.४४ ने भागलं की ३ लाख ४१ हजार दाणे, कचऱ्यासह ४४ किलो. ६५ ने २,८६० रुपये.

सगळ्यात स्वस्त दिसणारं क हे अ पेक्षा एकरी ३८० रुपयांनी महाग निघालं. शिवाय ४४ किलोला बीजप्रक्रियेचं औषध आणि जिवाणू संवर्धकही दीडपट लागेल, ते मी धरलेलं नाही. ते काळे बारीक बी कसलं हे तर माहीतच नाही. डाळी आणि माती हे नुसतं वजनाचं नुकसान आहे, एकदा भरलं की संपलं. तणाचं बी मात्र शेतात राहून दरवर्षी खुरपणीला पैसे मागतं. ९३ टक्के शुद्धतेतले उरलेले सात टक्के कशाचे आहेत हे पाहिल्याशिवाय तो आकडा अर्धाच समजावा.

बांधावरून

शुद्धतेवर एक मुद्दा राहिला. तुम्ही निवडून काढलेली ती भौतिक शुद्धता. वाणाची भेसळ डोळ्याला दिसत नाही, सोयाबीनचे दाणे बहुतेक सारखेच दिसतात. क मध्ये जेएस ३३५ सोबत एखादं लवकर येणारं, समजा जेएस २०-३४ मिसळलेलं असेल, तर ते ८७-८८ दिवसांत पिकतं आणि ३३५ ला ९५-१०० दिवस लागतात. आधी पिकलेल्याच्या शेंगा तडकू लागतात तेव्हा बाकीचं हिरवं असतं. काढलं तर हिरवा दाणा जातो, थांबलं तर गळ होते. यासाठी घरी चाचणी नाही. ज्याच्याकडून घेताय त्याचं पीक फुलोऱ्यात पाहिलेलं असेल, फुलाचा रंग आणि लव एकसारखी दिसली असेल, तरच घरचं बियाणं घ्यावं. निळ्या चिठ्ठीचे जास्तीचे पैसे मुख्यतः या क्षेत्र तपासणीचे असतात.

उदगीर_कृषीकेंद्र

बरं, क बाद झालं. ब चं काय? तुम्ही ३० किलो धरलंत म्हणून ते महाग दिसतंय. संगम पसरणारं वाण आहे, त्याला एवढी दाटी लागतच नाही. आमच्याकडचे लोक २५ किलोच पेरतात, काही तर २२. दाट केलं तर उंच वाढून लोळतं.

प्रज्ञा_बीज

या मुद्द्यात तथ्य आहे. २५ किलोत कचरा सोडून पावणेदोन लाख दाणे, त्यांतून सव्वा लाखाच्या आसपास रोपं. भारी जमीन, वेळेवर पेरणी, पाऊस चांगला असेल तर पसरणारं वाण तेवढ्यातही ओळी झाकतं. मग ब चा खर्च ३,२५० आणि अ शी फरक ७७० रुपये. पण मध्यम जमिनीत, किंवा पेरणी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत लांबली तर फांद्या तेवढ्या फुटत नाहीत आणि ओळीमध्ये जमीन उघडी राहते. मी औसेकर दादांच्या जमिनीला ३० किलो धरेन.

तिफण

मी २५ धरेन. ४५ च्या ओळीत मीटरला १४ रोपं पडतात, पुरेशी आहेत.

प्रज्ञा_बीज

धरा. दोन्ही धरून पुढचा हिशेब करता येतो.

बियाण्याचा जास्तीचा खर्च सोयाबीनच्या किलोत बदला. बाजारभाव ४,२०० धरू. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ आहे, पण बाजारात त्याच्या बऱ्याच खाली विकावं लागतं, म्हणून हिशेब खालच्या भावाने. क्विंटलमागे काढणी-मळणीचे ३०० वजा केले तर हातात ३,९०० उरतात. ३० किलोच्या हिशेबाने ब चे एकरी १,४२० रुपये जास्त, म्हणजे ३६ किलो सोयाबीन. २५ किलोच्या हिशेबाने ७७० जास्त, म्हणजे २० किलो. ब ने अ पेक्षा एकरी एवढं जास्त दिलं तर पैसे फिटले.

आता तुमच्या शेतात जेएस ३३५ गेल्या काही वर्षांत सरासरी किती देतंय ते सांगा. सगळ्यात चांगल्या वर्षाचा आकडा नको.

औसा_कोरडवाहू

चांगल्या सालात नऊ होतं, पण सरासरी सात क्विंटल धरा. ब च्या पत्रकावर एकरी १५ ते १८ क्विंटल लिहिलंय.

प्रज्ञा_बीज

ते १५-१८ विसरा. तो आकडा कोणत्या जमिनीत, किती पाण्यावर, शेजारी कोणतं वाण लावून काढला हे लिहिलेलं नसतं. उपयोगी आकडा एकच, त्याच शेतात त्याच वर्षी तुलनेच्या वाणापेक्षा किती टक्के जास्त. विद्यापीठाच्या शिफारशीत तो मिळतो. सातवर ३६ किलो म्हणजे जेमतेम पाच टक्के. वाणाने पाच टक्के जास्त दिलं की बियाणं वसूल. हीच तुलना एकरी चार क्विंटलच्या हलक्या रानात केली तर त्याच ३६ किलोला नऊ टक्के वाढ लागते. शिवाय तिथे उशिरा येणाऱ्या वाणाला शेवटी ओल पुरत नाही. तिथे मी ब घेऊ नका असं सांगितलं असतं.

बांधावरून

यात एक "पण" आहे. केडीएस ७२६ हे राहुरी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज केंद्राचं वाण. सांगली-कोल्हापूरकडे तांबेरा रोगाचा जोर असतो आणि या वाणाचं मोठं बळ म्हणजे तांबेऱ्याला ते बरंच तग धरतं. जिथे तांबेरा येतो तिथे जेएस ३३५ शी तुलना केली की फरक मोठा दिसणारच. औसा भागात तांबेरा दरवर्षी तेवढा नसतो, मग तिकडची टक्केवारी इकडे जशीच्या तशी कशी धरायची? परत हे ३३५ पेक्षा काही दिवस उशिरा येतं. सप्टेंबरात पावसाने ताण दिला तर दाणा भरताना मार बसतो.

उदगीर_कृषीकेंद्र

आणि सप्टेंबरअखेर पाऊस लागून राहिला तर? तेव्हा ३३५ कापणीला आलेलं असतं, शेंगेतच मोड येतात. तेव्हा उशिरा येणारंच वाचतं. दोन्ही बाजू सांगा ना.

बांधावरून

मान्य. म्हणूनच एकाच वाणावर तीनही एकर टाकू नका.

प्रज्ञा_बीज

बांधावरून यांची शंका योग्य आहे, आणि औशात ब किती टक्के जास्त देईल हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण १,४२० रुपये एका हंगामावर टाकणं हेही चूक आहे. सोयाबीन स्वपरागीभवन होणारं पीक आहे, हे सरळ वाण आहे, संकरित नाही. यंदा घेतलेल्या बियाण्यातून पुढची दोन वर्षं घरचं बियाणं धरता येतं, कायद्यानेही शेतकऱ्याला ते ठेवायला आणि वापरायला मोकळीक आहे. मग जास्तीचा खर्च तीन हंगामांत वाटला जातो आणि ३६ किलोचे १२ किलो होतात. बियाणं नीट राखलं तरच, हे मात्र लक्षात ठेवा. बियाण्याचा तुकडा वेगळा मळायचा, यंत्राचे फेरे मिनिटाला ३५०-४०० च्या वर नेऊ नका. ओलावा १२ च्या खाली आणा. पोती लाकडी फळीवर ठेवा, थप्पी सात पोत्यांच्या वर नको. नाहीतर तुमचंच बियाणं पुढच्या मेमध्ये क होऊन बसेल.

औसा_कोरडवाहू

समजलं. मग असं करतो: अ ची अजून एक बॅग घेतो, ब ची आहे तेवढी एकच. अ ६० किलो आणि ब २५ किलो. पुरेल का?

तिफण

प्रज्ञाताईंच्या दराने २५ किलो ब मध्ये ३३ गुंठे होतात. ६० किलो अ मध्ये दोन एकर दोन गुंठे. म्हणजे पाच गुंठे उरतात. त्यासाठी तिसरी बॅग फोडू नका, अ च थोडं पातळ करा. २९.२ ऐवजी एकरी २७.७ किलो पडलं तर रोपं दीड लाखाची १ लाख ४२ हजार होतील, काही बिघडत नाही. मात्र पेरणीयंत्र आधी जागेवर चाक फिरवून नीट लावून घ्या. अ आणि ब चा दाणा वेगळा आहे, एकाच खाचेवर दोन्ही पेरलं तर हा सगळा हिशेब मातीत.

उदगीर_कृषीकेंद्र

दुकानदार म्हणून एक सांगतो. दुसरी बॅग घेताना लॉट नंबर पहिल्या बॅगेचाच आहे का बघा. वाण तेच, कंपनी तीच, पण लॉट बदलला तर तुमची ७४ ची चाचणी त्या बॅगेला लागू नाही. तारीखही बघा, प्रमाणित बियाण्याची मुदत चाचणीपासून नऊ महिने असते. फेरतपासणी करून मुदत वाढवलेला लॉट असेल तर पुन्हा गोणपाट लावा. बिलावर लॉट नंबर लिहून घ्या, दुकानदार कंटाळला तरी.

प्रज्ञा_बीज

बरोबर. बॅग चिठ्ठीच्या विरुद्ध बाजूने उघडा म्हणजे चिठ्ठी आणि शिलाई शाबूत राहते. थोडं बियाणं बॅगेत शिल्लक ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर पंचनाम्याला हेच लागतं. शंकाच असेल तर पेरणीआधी परभणीच्या शासकीय बीज परीक्षण प्रयोगशाळेत नमुना पाठवता येतो.

पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल नको. बाराव्या दिवशी दहा ठिकाणी ओळीत एक मीटर काठी टाकून रोपं मोजा. अ मध्ये १६ च्या आसपास दिसायला हवीत. बाराच्या खाली असतील तर आकडे इथे टाका.

औसा_कोरडवाहू

ब चं बियाणं पुढच्या वर्षी धरायचं तर ते अ च्या शेजारी चालेल का? मधे बांध नाही.

बांधावरून

तीन मीटर पट्टा मोकळा सोडा किंवा त्यात तुरीच्या ओळी घ्या. परागकणांपेक्षा कापणी-मळणीत मिसळण्याची भीती जास्त आहे, म्हणून ब आधी वेगळं काढून यंत्र झाडून घ्या. तुमच्याकडे हार्वेस्टरने काढतात का? तसं असेल तर बियाण्याचे ७-८ गुंठे हातानेच कापावे लागतील.